सप्टेंबरची वाट पाहणारा विषाणू

१७ एप्रिल १९५७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हाँगकाँगची एक बातमी आली. शहरात तापाची साथ आहे, सुमारे अडीच लाख लोक आजारी आहेत, दवाखान्यांपुढे रांगा लागल्या आहेत, आयांच्या पाठीला बांधलेल्या पोरांचे डोळे तापाने निस्तेज झाले आहेत, असा तिचा मजकूर होता. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मॉरिस हिलमन यांनी ती वाचली आणि मनाशी हिशेब केला. अडीच लाख म्हणजे त्या वेळच्या हाँगकाँगची दहा टक्के लोकवस्ती. नेहमीचा फ्लू काही आठवड्यांत दहा टक्के शहर झोपवत नाही, कारण मोठ्या माणसांच्या अंगात मागच्या सालांच्या फ्लूची थोडीफार प्रतिकारशक्ती उरलेली असते. एवढे लोक एकदम पडतात तेव्हा त्या विषाणूची ओळख कुणाच्याच शरीराला नाही, असाच अर्थ निघतो.

फ्लूवर पाळत ठेवणारे जागतिक जाळे त्या वेळी पाच वर्षांचे झाले होते. लंडनच्या एका संशोधन संस्थेत १९३३ साली माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला होता. तिथेच क्रिस्टोफर अँड्र्यूज यांच्या देखरेखीखाली जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्र उभे राहिले, आणि १९५२ पासून देशोदेशीच्या प्रयोगशाळा रुग्णांच्या घशातले नमुने तपासून, विषाणू वेगळा करून, तो मोठ्या केंद्रांकडे पाठवू लागल्या. हेतू सरळ होता. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. आणि कधीतरी तो पुरता बदलतो, तेव्हा ते लवकर कळले पाहिजे. १९५७ मध्ये तो पुरता बदलला आणि जाळ्याला ते उशिरा कळले. साथीची सुरुवात फेब्रुवारीच्या सुमाराला दक्षिण चीनमधल्या क्वेचौ प्रांतात झाली होती. चीन तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या बाहेर होता. चू चि-मिंग हे चिनी विषाणुशास्त्रज्ञ पूर्वी लंडनमध्ये अँड्र्यूज यांच्याबरोबर काम करून गेलेले होते. त्यांनी चांगचुनमध्ये या साथीच्या विषाणूंचा अभ्यासही केला. माणसे तीच, विद्या तीच, पण मधली टपाल-वाट बंद होती. जगाला खबर मिळाली ती साथ हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बंदरांत पोहोचल्यावर. या गोष्टीतले मला सर्वांत जास्त खटकणारे पान हेच आहे. विषाणूला मिळालेली दोन महिन्यांची ती आघाडी नंतर कशानेच भरून निघाली नाही.

हिलमन यांनी जपानमधल्या झामा येथील लष्करी प्रयोगशाळेकडे नमुने मागितले. हाँगकाँगला जाऊन आलेल्या एका आजारी नौसैनिकाने मिठाच्या पाण्याने केलेल्या गुळण्या मेच्या मध्यावर वॉशिंग्टनला पोहोचल्या. त्यातून कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवला गेला आणि तो शेकडो माणसांच्या रक्तद्रवाशी पडताळून पाहिला. जवळपास कुणाच्याच रक्तात त्याला अडवणारी प्रतिपिंडे सापडली नाहीत. सापडली ती फक्त काही वयोवृद्धांच्या रक्तात, जणू त्यांच्या लहानपणी असाच एखादा विषाणू येऊन गेला होता. आज आपण या विषाणूला एच२एन२ म्हणतो. पक्ष्यांच्या फ्लूतले तीन जनुकखंड माणसाच्या जुन्या फ्लूमध्ये मिसळून तो तयार झाला होता. त्यातले दोन खंड विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनांचे होते. शरीर ज्यावरून विषाणू ओळखते तेच दोन्ही चेहरे बदलले होते.

मे संपण्यापूर्वीच हिलमन यांनी जाहीर केले की ही साथ जगभर पसरेल आणि अमेरिकेत ती सप्टेंबरमध्ये, शाळा उघडल्यावर भडकेल. लस कंपन्यांना त्यांनी नमुने दिले, आणि अंडी उबवणाऱ्यांना कोंबडे कापू नका असे सांगायला लावले, कारण लस बनवायला फलित अंडीच लागतात.

विषाणू मात्र सप्टेंबरपर्यंत थांबलेला नव्हता. जूनच्या सुरुवातीला ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदरातल्या लढाऊ जहाजांवर तो सापडला. जूनअखेर आयोवातल्या ग्रिनेल गावी चर्चच्या तरुण मंडळींचे मोठे संमेलन भरले, तिथे तो पसरला आणि मुले घरी गेली तशी त्यांच्याबरोबर अनेक राज्यांत गेला. जुलैत व्हॅली फोर्ज येथे बालवीरांचा राष्ट्रीय मेळावा झाला, तिथेही तो होता. एव्हाना देशभर विषाणू पोहोचलेला होता. तरीही साथ उठली नाही. शिबिरात ताप यायचा, शिबिर संपले की विझायचा. घरी परतलेल्या मुलाकडून भावंडांना जायचा आणि तिथेच थांबायचा. कोकणात पावसाआधी कोरड्या मातीत भाताची धूळपेरणी करतात, तसे हे झाले होते. बी जमिनीत पडलेले होते, उगवणीची वेळ यायची होती.

ती वेळ कशाने येते, हा फ्लूच्या अभ्यासातला जुना प्रश्न. उत्तर गोलार्धात फ्लू हिवाळ्यात येतो हे सर्वांना माहीत होते, पण हिवाळ्याबरोबर किती गोष्टी एकदम बदलतात! हवा थंड होते, कोरडी होते, माणसे दारेखिडक्या लावून आत बसतात, शाळा भरलेल्या असतात. यातले नेमके काय काम करते हे नेहमीच्या सालात वेगळे करून पाहता येत नाही. १९५७ साली ते वेगळे झाले, कारण विषाणू अवेळी आला होता.

लुइझियाना राज्यातला टँजिपाहोआ परगणा स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. वसंतात तोडणीला मुलांचे हात लागतात, म्हणून तिथल्या शाळा त्या दिवसांत सुट्टी देत आणि त्याची भरपाई म्हणून जुलैतच उघडत. त्या वर्षीही उघडल्या. लुइझियानाचा उन्हाळा म्हणजे चिकट, दमट उकाडा. फ्लूच्या जुन्या समजुतीप्रमाणे याहून प्रतिकूल हवा शोधून सापडणार नाही. तरी ऑगस्टमध्ये तिथे शाळकरी मुलांत फ्लूची मोठी साथ उठली आणि घराघरांत शिरली. इतर ठिकाणच्या शाळा सप्टेंबरात उघडल्या तेव्हा तिथेही हेच घडले. ७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या शाळांत २९ टक्के मुले गैरहजर होती. ज्या विषाणूला कुणीच ओळखत नाही, त्याला थंडीची गरज नसते. एका खोलीत तासन्‌तास बसलेली तीसचाळीस मुले त्याला पुरतात.

हे सगळे टिपणारी यंत्रणा त्या उन्हाळ्यातच घाईने उभी राहिली होती. अटलांटाच्या संसर्गजन्य रोग केंद्रात अलेक्झांडर लँगम्युअर यांनी जुलैत इन्फ्लुएन्झा पाळत विभाग सुरू केला. पुढे देवीच्या निर्मूलनाचे जागतिक नेतृत्व केलेले डी. ए. हेंडरसन हे त्यांच्या तरुण सहकाऱ्यांपैकी एक. त्यांच्यापुढची अडचण आजही तशीच आहे: फ्लूचे रुग्ण मोजता येत नाहीत. बहुतेक जण डॉक्टरकडे जातच नाहीत. गेले तरी तपासणी होत नाही. आणि ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे इतर डझनभर विषाणूही देतात. म्हणून या मंडळींनी रुग्णांचा नाद सोडला आणि त्यांच्या खुणा गोळा करायला घेतल्या. शाळांतली आणि कारखान्यांतली गैरहजेरी, प्रयोगशाळांतले होकारार्थी नमुने, घरोघरच्या आरोग्य पाहणीतली उत्तरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १०८ शहरांतून दर आठवड्याला येणारी न्यूमोनिया व फ्लूच्या मृत्यूंची संख्या.

मृत्यूंवरून फ्लू ओळखण्याची कल्पना मुळात इंग्लंडच्या विल्यम फार यांची. १८४७ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये फ्लूची साथ आली. मृत्यूच्या दाखल्यांवर फ्लू हे कारण थोड्याच जणांपुढे लिहिलेले होते. पण निबंधक कार्यालयात आकडे सांभाळणाऱ्या फार यांच्या लक्षात आले की त्याच आठवड्यांत श्वासनलिकेचा दाह, न्यूमोनिया, दमा, एवढेच काय, म्हातारपण या कारणाखालचे मृत्यूही वाढलेले आहेत. त्या मोसमात एरवी जितके मृत्यू झाले असते त्यापेक्षा पाच हजारांहून अधिक माणसे गेली होती. फ्लू माणसाला मारतो तो बहुधा दुसऱ्या आजाराच्या हातून, आणि दाखल्यावर नाव त्या दुसऱ्याचेच लागते. म्हणून विचारायचे ते हे, की एरवी किती गेले असते आणि प्रत्यक्षात किती गेले.

‘एरवी किती’ हा भाग दिसतो तितका सोपा नाही. फ्लू नसलेल्या वर्षीही जानेवारीत जुलैपेक्षा जास्त माणसे मरतात. म्हणून नुसती सरासरी चालत नाही; आठवड्यागणिक हलणारी रेषा लागते. १९५७-५८ च्या अनुभवानंतर अटलांटाच्याच केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्फलिंग यांनी १९६३ साली ती रेषा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मागच्या काही वर्षांचे साप्ताहिक मृत्यू घ्यायचे, त्यांतून साथीचे आठवडे काढून टाकायचे, आणि उरलेल्या आकड्यांमधून वर्षातून एकदा चढणारी-उतरणारी लाट बसवायची. लोकसंख्या वाढते किंवा आयुर्मान बदलते त्याचा हळू कल वेगळा धरायचा. ही झाली अपेक्षेची रेषा. तिच्या वर थोडे अंतर ठेवून दुसरी, धोक्याची रेषा ओढायची.

समजा एखाद्या शहरात ऑक्टोबरच्या एका आठवड्यात न्यूमोनियाचे ४० मृत्यू अपेक्षित आहेत आणि साथ नसतानाही तो आकडा साधारण ५ ने इकडेतिकडे होतो. त्या चढउताराच्या सुमारे १.६५ पट सोडून, म्हणजे ४८ च्या आसपास धोक्याची रेषा येते. एखाद्या आठवड्यात ४४ मृत्यू झाले तर काही म्हणता येत नाही. ५० झाले तर कान टवकारायचे, पण दाखले उशिरा नोंदले गेले असतील, सुट्टीच्या आठवड्यातले पुढच्यात आले असतील. सलग दुसऱ्या आठवड्यात ५५ आले, तर साथ आहे असे समजायचे आणि ४० च्या वरचे सगळे तिच्या नावे लिहायचे.

या रीतीत फसण्याच्या जागाही आहेत. साथीचे वर्ष चुकून अपेक्षेच्या हिशेबात राहिले तर रेषाच वर सरकते आणि पुढची साथ तिच्याखाली लपते. कडाक्याच्या थंडीने किंवा दुसऱ्या एखाद्या श्वसनविषाणूने मृत्यू वाढले तर रेषा ओलांडली जाते आणि दोष फ्लूवर येतो. शिवाय संसर्ग ते मृत्यू यात दोनतीन आठवडे जातात, म्हणजे मृत्यूंची रेषा कालचे सांगते. म्हणून ती एकटी वाचायची नसते. दवाखान्यात तापखोकला घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण आधी हलते; त्यांच्यातल्या नमुन्यांपैकी शेकडा किती फ्लूचे निघतात यावरून तो ताप खरोखर फ्लूचा आहे का ते कळते; मृत्यू शेवटी येतात. तिन्ही रेषा त्याच क्रमाने, थोड्या थोड्या अंतराने चढल्या, तर मोसम सुरू झाला हे खात्रीने म्हणता येते. तापाचे रुग्ण वाढले पण फ्लूचे नमुने वाढले नाहीत, तर तो दुसराच कुणी आहे.

आता पुन्हा १९५७ च्या ऑक्टोबरकडे. साथ कळसाला पोहोचली आणि महिन्याभरात ओसरली. लस तोवर पुरेशा हातांपर्यंत गेलेलीच नव्हती. शाळाही बंद केल्या नव्हत्या. मग साथ थांबली कशी?

उत्तर साध्या गुणाकारात आहे, आणि ते नेहमीच्या मोसमालाही लागू पडते. नेहमीच्या फ्लूत एक रुग्ण सरासरी १.३ जणांना आजार देतो असे धरू, आणि एका रुग्णापासून पुढच्यापर्यंत जायला तीन दिवस लागतात. १.३ हा आकडा किरकोळ वाटतो, पण आठवड्यात रुग्ण जवळजवळ दुप्पट होतात. या वेगाने दहा आठवडे गेले तर एकाचे साडेचारशे होतील. म्हणून मोसम सुरू होताना कितीतरी आठवडे काहीच दिसत नाही आणि मग अचानक सगळे शहर खोकू लागते. विषाणूचा वेग तोच असतो, आपल्याला दिसण्याइतकी संख्या तेव्हा झालेली असते. पण प्रत्येक बरा झालेला माणूस विषाणूच्या वाटेतून बाजूला होतो. ज्यांना लागण होऊ शकत होती त्यांच्यापैकी चौथा हिस्सा असा बाजूला झाला, की १.३ चे पाऊण, म्हणजे एकाहूनही किंचित कमी होते. त्या क्षणी चढण संपते. बाकीचे तीन हिस्से अजून निरोगी असतात, कुणी औषध शोधलेले नसते, तरी उतार सुरू होतो. १९५७ चा विषाणू नवा असल्याने गुणक मोठा होता, म्हणून तो थांबायला जास्त माणसे खर्ची पडली: त्या शरद ऋतूत शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून अधिक आजारी पडली असे अंदाज आहेत.

या गुणाकारामुळेच हवेतला लहानसा बदलही मोठा ठरतो. गुणक १.३ असताना हवेने तो पंचवीस टक्क्यांनी खाली ओढला, तर साथ उठतच नाही. वर ढकलला, तर उठते. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली अॅनिस लोवेन आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगात कोरड्या आणि थंड हवेत शेजारच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला लागण सहज झाली, तर तीस अंश तापमानाला झालीच नाही. समशीतोष्ण देशांत हिवाळ्याचे काम एवढेच असते: आधीच जवळपास एकवर रेंगाळणाऱ्या गुणकाला जरासा रेटा देणे. नवा विषाणू रेट्याशिवायही एकच्या बराच वर असतो, म्हणून त्याला ऑगस्ट चालतो. एकदा ओळख झाली की तोही इतरांसारखा हिवाळ्याची वाट पाहू लागतो.

१९५८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मृत्यूंची रेषा पुन्हा वर गेली आणि मार्चपर्यंत वरच राहिली. या वेळी शाळांतली गैरहजेरी फारशी वाढलेली नव्हती. ज्या मुलांकडे पाहून साथ ओळखली जात होती, ती बहुतेक आता सुरक्षित होती. मरत होते ते प्रौढ आणि वृद्ध, ज्यांच्यापर्यंत विषाणू शरदात पोहोचला नव्हता. अपेक्षेची रेषा नसती तर ती दुसरी लाट नेहमीच्या हिवाळ्यातले मृत्यू म्हणून विरून गेली असती. अमेरिकेत या साथीने गेलेल्यांचा आजचा अंदाज १,१६,००० आहे. जगभरात सुमारे ११ लाख.

आपल्याकडे हा विषाणू मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातल्या आजारी प्रवाशांबरोबर आला. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा भारताचे इन्फ्लुएन्झा केंद्र होते, आणि तिथल्या आय. जी. के. मेनन यांनी साथीचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. बंदरांतून आणि रेल्वेने ती सुमारे तीन महिन्यांत देशभर गेली. म्हणजे ऐन मेच्या उन्हात सुरू होऊन पावसाळ्यात पसरली. फेब्रुवारी १९५८ पर्यंत सरकारकडे सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रुग्ण आणि अकराशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. चार हजार रुग्णांमागे एक मृत्यू. हा आकडा आजाराचा सौम्यपणा दाखवत नाही, नोंदवहीचा अपुरेपणा दाखवतो. खेड्यात न्यूमोनियाने गेलेली म्हातारी कुठल्याच दाखल्यावर नव्हती, आणि मागच्या पाच वर्षांत त्या आठवड्यात किती गेले हे माहीत नसताना अपेक्षेची रेषा काढायची कुठून? भारताच्या १९५७ च्या मृतांची खरी संख्या आपल्याला त्यामुळेच मिळत नाही.

भारतातल्या फ्लूला मोसम आहे हेसुद्धा नीट कळायला पुढे अर्धशतक लागले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि तिच्याबरोबरच्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या शहरांतल्या तापखोकल्याच्या रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पुणे, दिल्ली, कोलकाता येथे फ्लूचा मुख्य जोर जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्यात. चेन्नईकडे, जिथे पाऊस परतीचा, तिथे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरला सरकतो. श्रीनगरला मात्र युरोपासारखा जानेवारी ते मार्च. कोरड्या हवेचा नियम श्रीनगरला लागू पडतो आणि पुण्यात उलटा होतो. पुण्याच्या पावसाळ्यात हवा तापलेली नसते, माणसे आत कोंडलेली असतात आणि जूनमध्ये शाळा उघडतात. टँजिपाहोआचे उदाहरण माहीत असलेल्याला यातले शेवटचे कारण दुर्लक्षिता येत नाही. २००९ साली नवा एच१एन१ आला तेव्हा भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला, आणि तो एका शाळकरी मुलीचा होता.

यातून निघणारा हिशेब अगदी व्यवहाराचा आहे. फ्लूच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी. भारत नकाशावर उत्तरेला आहे म्हणून ऑक्टोबरात लस टोचली, तर ती श्रीनगरला वेळेवर पडते. पुण्यात मात्र पावसाळा उलटून गेलेला असतो आणि पुढचा येईपर्यंत लसीचा बराच जोर उतरतो. पुणे, मुंबई, नागपूर यांच्यासाठी योग्य महिने एप्रिल आणि मे, आणि वापरायची ती सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली नवी लस.